थेंब वाळतो, कडं उरतं

हॉलच्या दाराशी नवरीची चुलतबहीण गुलाबदाणी घेऊन उभी असते. येईल त्याच्या अंगावर चार थेंब. सुती शर्टवर पडलेले थेंब पाच मिनिटांत वाळतात आणि कुठे पडले होते हेही मग सांगता येत नाही. मागून येणाऱ्या मावशींच्या रेशमी साडीवर आणि साटीनच्या ब्लाउजवरही तेच थेंब पडतात. पंगत बसेपर्यंत तेही वाळतात, पण ब्लाउजच्या खांद्यावर एक फिकट गोल राहतो आणि त्याच्याभोवती बारीक पेन्सिलीने ओढल्यासारखी गडद कड. मग जिलबी वाढली जात असताना निदानं सुरू होतात. कुणी म्हणतं, गुलाबपाण्यात काहीतरी मिसळलंय. कुणी म्हणतं, रेशीम खोटं आहे. आणि एखाद्या जाणत्या आजी शेवटचा निकाल देतात, ‘रेशमाला पाणी चालतच नाही मुळी.’

आजींचा निकाल सगळ्यांना पटतो, कारण दुकानदारही तेच सांगतो. पण रेशमाचा सगळा जन्म पाण्यात जातो. कोष गरम पाण्यात टाकल्याशिवाय त्याचं टोक सापडत नाही आणि धागा उलगडत नाही. कोषातल्या अळीने एका वेळी दोन बारीक तंतू सोडलेले असतात आणि ते सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या प्रथिनाने एकमेकांना चिकटलेले असतात. हा डिंक कच्च्या रेशमाच्या वजनाचा पाव हिस्सा तरी भरतो. तो काढायला लड्या साबण-सोड्याच्या पाण्यात उकळतात, आणि त्यानंतरच रेशमाला तो मऊपणा आणि ती झळाळी येते. पुढे येवल्याच्या रंगाऱ्याकडे त्याच लड्या रंगाच्या वाफाळत्या पाण्यात वर-खाली होत राहतात. इतकं उकळून निघालेल्या धाग्याला चार थेंबांनी काय होणार?

धाग्याचं फारसं काही बिघडत नाही, हेच खरं. दिसतो तो डाग बहुतेक वेळा पाण्याचा नसतोच, कापडात आधीपासून असलेल्या वस्तूंचा असतो. पाणी इथे हमालाचं काम करतं.

हे जरा मोजून पाहू. ड्रॉपरमधून पडणारा साधा थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या रेशमी साटीनवर तो पडला आणि कापडाने आपल्या वजनाएवढं पाणी शोषलं, तर ओला गोल साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढा होतो. पाणी बोअरवेलचं, लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं धरू. त्या थेंबात सगळे मिळून मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग क्षार येतात. आता नाण्याएवढ्या त्या कापडाकडे बघू. त्याचं वजन ४६ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यावर चमक आणि कडकपणासाठी लावलेलं फिनिश, पूर्ण न निघालेला डिंक, धाग्याला पक्का न बसलेला रंग, हवेतली धूळ, अंगाचा घाम असं पाण्यात सुटणारं सगळं मिळून वजनाच्या एकच टक्का धरलं, तरी ते जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम होतं. म्हणजे पाण्याने बाहेरून आणलेल्या मालाच्या अठरापट माल कापडातच पडून आहे.

त्यामुळे ‘आम्ही फिल्टरचंच पाणी वापरतो’ या खात्रीला फारसा अर्थ उरत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा थेंब नव्या रेशमी कात्रणावर टाकून बघावा. क्षार जवळजवळ शून्य असूनही कडं उमटू शकतं.

माल सुटला हे ठीक, पण तो सगळ्या गोलात सारखा का पसरत नाही? कडेलाच का जमतो? याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रोज दिसतं. कोऱ्या चहाचा थेंब सांडून तसाच वाळला की मधोमध फिकट आणि कडेला काळपट रेघ राहते. शिकागो विद्यापीठातले सिडनी नेगल, रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या अशाच डागाचं कोडं सोडवलं आणि १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. थेंबाची कड खाली घट्ट धरलेली असते, ती आत सरकू शकत नाही. कडेचं पाणी सर्वांत लवकर उडून जातं. कड जागेवर आणि पाणी तर कमी झालेलं, मग ती भरून काढायला मधलं पाणी बाहेरच्या दिशेने वाहतं. थेंब वाळेपर्यंत हा बारीक प्रवाह चालूच असतो आणि वाटेत भेटेल ते कडेला नेऊन टाकतो.

कापडात याला आणखी एक जोड मिळते. धाग्या-धाग्यांमधल्या फटी म्हणजे केसासारख्या बारीक नळ्याच. त्यांतून पाणी ओढलं जातं आणि ओल्या भागाची हद्द पुढे सरकते. शाळेत खडूवर शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा केला की शाईतले रंग वेगवेगळे होऊन वर चढतात, तोच खेळ इथे आडवा मांडलेला असतो. पाण्यात सहज विरघळणारं फिनिश हद्दीपर्यंत पोहोचतं, धाग्याला बऱ्यापैकी धरून असलेला रंग मागे रेंगाळतो. म्हणूनच काही डागांत कडेची रेघ पिवळट किंवा राखाडी असते आणि तिच्या आतल्या बाजूला साडीच्याच रंगाची दुसरी गडद पट्टी दिसते. हद्द जिथे थांबते तिथे पलीकडे कोरडं कापड असतं, अलीकडे ओलं, आणि सगळा माल अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेत उतरतो. दहा रुपयांच्या नाण्याच्या क्षेत्रफळाची त्याच्या कडेवरच्या अशा रेघेशी तुलना केली, तर रेघ तेरा-चौदापट लहान भरते. सगळाच माल काही कडेपर्यंत जात नाही. पण गोलभर पसरलेला असताना डोळ्यांना न दिसणारा थर त्याच्या दहापट दाट झाला, की तो लांबूनही दिसतो.

याच नियमाने एक कोडंही सुटतं. रेशीम हवेतली ओल भरपूर पितं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर ते आपल्या कोरड्या वजनाच्या ११ टक्के पाणी धरून बसतं. म्हणजे अर्धा किलो रेशमाच्या साडीत साधारण ५५ ग्रॅम, पोह्यांचे तीन-चार मोठे चमचे भरतील इतकं पाणी. कोकणातल्या श्रावणात ते आणखी वाढतं, कारण वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही रेशीम हाताला ओलं लागत नाही. एवढं पाणी अंगात मुरवूनही साडीवर एक डाग नाही, आणि वरून पडलेल्या एका थेंबाने कडं! हवेतली ओल सगळीकडे सारखी शिरते आणि सारखी निघते. तिला हद्द नाही, त्यामुळे माल नेऊन टाकायला कडही नाही.

हे पाणी रेशमात शिरतं कुठे, हे बघायला तंतूच्या आत जावं लागतं. डिंक निघाल्यावर उरणाऱ्या प्रथिनाचं नाव फायब्रॉइन. एक तंतू साधारण १० ते १३ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका, आणि आडवा कापला तर गोल न दिसता कडा घासलेल्या त्रिकोणासारखा. त्याच्या आत फायब्रॉइनच्या लांबच लांब साखळ्या असतात. साखळीचे काही भाग अगदी साध्या, लहान कड्यांचे आहेत. ग्लायसिन, ॲलनिन, ग्लायसिन, सेरिन अशा क्रमाने आलेले हे भाग इतके सपाट असतात, की शेजारच्या साखळ्या एकमेकींवर घडी घातलेल्या साड्यांसारख्या चापून बसतात. या घट्ट थप्प्यांमुळे रेशीम बळकट असतं, आणि त्यांच्यात पाण्याला शिरकाव नसतो.

थप्प्यांच्या मधल्या जागेत मात्र साखळ्यांचे दुसरे भाग असतात, अवजड कड्यांचे, वेडेवाकडे, गुंतवळासारखे. इथे साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. एकेक बंध नाजूक, पण संख्येने अगणित. पाण्याचा रेणू याच गुंतवळात घुसतो. दोन साखळ्यांनी एकमेकींचे हात धरलेले असतात, तिथे तो मध्ये येऊन दोघींचे हात स्वतः धरतो. साखळ्या दूर सरकतात आणि तंतू फुगतो. लांबीत तो जेमतेम एक-दीड टक्का वाढतो, पण आडव्या छेदात १८-१९ टक्क्यांपर्यंत. ओलं असताना रेशमाची ताकद १५-२० टक्क्यांनी घटते, तीही या सुटलेल्या हातांमुळेच.

वाळताना पाणी निघून जातं आणि साखळ्या पुन्हा हात धरतात, पण ज्या स्थितीत वाळल्या त्या स्थितीत. पार्लरमध्ये इस्त्री करून सरळ केलेल्या केसांवर पावसाचे चार थेंब पडले की काय होतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको. केसही प्रथिनाचाच, आणि उष्णतेने पक्के केलेले त्याचे बंध पाण्याने असेच सुटतात. रेशमी कापडाला विणताना ताण दिलेला असतो, नंतर रुळांखाली दाबून गुळगुळीत केलेलं असतं. थेंब पडला तेवढ्या नाण्यापुरता तो ताण आणि दाब विसरला जातो. तिथले तंतू फुगतात, एकमेकांना ढकलतात, वाळताना जरा वर उचललेले, जरा हललेले राहतात. आजूबाजूचं कापड मात्र पूर्वीसारखंच दाबलेलं. म्हणजे बाहेरून कसलाही माल न येता, कापडातलाही माल न हलता, नुसत्या मांडणीच्या फरकाने डाग दिसू शकतो.

हा दुसऱ्या जातीचा डाग सगळ्यात निर्दयपणे दिसतो तो साटीनवर. साटीन हे धाग्याचं नाव नसून विणीचं आहे. जुन्या मराठीत याच कापडाला अतलस म्हणत. साध्या विणीत धागा एकावरून, एकाखालून जातो. साटीनमध्ये तो चार किंवा सात धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकदाच खाली बुडी मारतो. या बुड्याही अशा विखुरलेल्या असतात की डोळ्यांना सापडत नाहीत. त्यामुळे वरच्या बाजूला नुसते समांतर, मोकळे धागे दिसतात आणि प्रकाश त्यांच्यावरून आरशासारखा एकाच दिशेने परततो. आरशावरचा ओरखडा जसा पटकन दिसतो, तसे या पृष्ठभागावरचे हललेले धागे दिसतात. शिवाय हे धागे लांब अंतरावर कुठेच बांधलेले नसल्याने त्यांना हलणंही सोपं. सुती कापडावर प्रकाश मुळातच चहूकडे विखुरतो, तिथे चार धागे इकडचे तिकडे झाले तर कुणाला कळणार? खळ असलेलं कोरं सुती कापडही थेंबाने डागळतं, पण एका धुण्यात खळ निघाली की विषय संपतो.

बाजारात साटीन म्हणून मिळणारं बरंचसं कापड पॉलिस्टरचं असतं. पॉलिस्टर त्याच हवेत वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. त्याचे तंतू फुगत नाहीत, म्हणून मांडणी हलण्याचा डाग त्यावर सहसा पडत नाही. कडं उमटलंच, तर ते वरच्या फिनिशचं किंवा धुळीचं, आणि कापड पूर्ण धुतलं की जाणारं.

पाण्याने तंतूंची मांडणी बदलते, याचा युरोपातल्या कारागिरांनी धंदाही केला. मोआरे नावाच्या रेशमी कापडावर लाटांसारखी, लाकडाच्या रेषांसारखी चमकती नक्षी असते. ती विणलेली नसते, छापलेलीही नसते. बारीक उभारदार कापडाचे दोन थर समोरासमोर ठेवून ओल, उष्णता आणि प्रचंड दाबाखाली चेपतात. एका थराच्या उभारांनी दुसऱ्याचे उभार कुठे सपाट होतात, कुठे तसेच राहतात, आणि प्रकाश वेगवेगळा परतून नक्षी दिसते. अशा रेशमी मोआरेवर पाण्याचा थेंब पडला तर उलटा डाग पडतो: तेवढ्यापुरती नक्षीच पुसली जाते.

घरी हाती आलेला डाग यांपैकी कुठला, हे ओळखायला खिडकीजवळचा उजेड पुरतो. कापड डोळ्यांच्या पातळीला धरून हळूहळू तिरकं करावं. एका कोनात डाग दिसतो, दुसऱ्या कोनात नाहीसा होतो आणि कडेला वेगळ्या रंगाची रेघ नाही, तर मांडणी हललेली आहे. कुठल्याही कोनातून रेघ दिसतच राहते आणि बोट फिरवलं तर तिथे किंचित कडक लागतं, तर कडेला माल जमलेला आहे. उन्हाळ्यात बगलेत पडणारी कडी याच दुसऱ्या प्रकारातली. पण ती अधिक गंभीर, कारण घामातले क्षार नुसते जमत नाहीत, कालांतराने रेशीम कमजोरही करतात.

मांडणीचा डाग असेल तर उपाय सोपा. पातेल्यातल्या वाफेवर, मध्ये पातळ मलमलचं फडकं धरून, डागाचा भाग आणि त्याच्या बाहेरचा हातभर भाग एक मिनिट फिरवत ठेवायचा, मग हलकेच झटकायचा. वाफ म्हणजे हद्द नसलेलं पाणी. तंतूंना पुन्हा एकदा हात सोडून नव्याने धरायची संधी मिळते, या वेळी शेजाऱ्यांसकट. काही जुने धोबी त्याच रेशमाचा दुसरा पदर घेऊन कड्यावर हळुवार घासतात. हलके डाग त्यानेही जातात. रुमालाने खसखसून पुसलं की मात्र ओले, कमजोर झालेले तंतू तुटतात आणि तिथे कायमची पांढरट लव उठते. ती मग वाफेने काय, कशानेच बसत नाही.

जमलेल्या मालाचा डाग पुन्हा पाणी लावल्याशिवाय निघत नाही, आणि नेमकं तिथेच लोक बिचकतात. कड्यावर नुसतं ओलं फडकं फिरवलं तर माल आणखी बाहेर सरकतो आणि पहिल्यापेक्षा मोठं कडं होतं. दोन मार्ग उरतात. एक, हद्दच शिवणीत लपवायची. ब्लाउजचा तो संपूर्ण भाग शिवणीपासून शिवणीपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने सारखा ओला करायचा आणि टॉवेलच्या घडीत दाबून टिपून सावलीत वाळवायचा. दुसरा मार्ग जाणकार ड्रायक्लीनरचा. तो कडं अगदी थोडं ओलं करतो, खाली टिपकागद धरतो आणि वरून हवेचा झोत मारत बाहेरून आत काम करतो. कड कुठे थांबूच द्यायची नाही, एवढाच त्यातला मुद्दा.

पाणी लावण्याआधी रंगाची परीक्षा मात्र हवी. साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकाशी ओलं पांढरं सुती फडकं एक मिनिट दाबून धरायचं. फडक्यावर रंग उतरला तर पुढे जायचं नाही. हा उतरणारा रंग आणि सोबत जर, अस्तर, फॉल अशा वेगवेगळ्या चालीने आटणाऱ्या गोष्टी, यांच्यामुळे दुकानदाराचं ‘फक्त ड्रायक्लीन’ समर्थनीय ठरतं. दोष रेशमाचा नसतो, त्याच्या संगतीचा असतो.

आणि ड्रायक्लीनने पाण्याचं कडं जातंच, हाही एक गैरसमज. तिथलं द्रावण तेल, मेण, ग्रीस काढतं. क्षार आणि साखर त्यात विरघळत नाहीत. लग्नात सांडलेलं शहाळ्याचं पाणी किंवा लिंबूसरबत वाळल्यावर दिसत नाही. साडी नुसत्या द्रावणातून धुऊन येते, गरम इस्त्री फिरते आणि आतली साखर करपून तिथे तपकिरी डाग उगवतो. मग भांडण होतं, ‘देताना हा डाग नव्हता!’ डाग होता, दिसत नव्हता. ‘इथे गोड काहीतरी सांडलंय’ असं देताना सांगितलं, तर चांगला कारागीर त्या जागी आधी पाण्याचं काम करून घेतो.

साडी परत येते ती बऱ्याचदा रोल-पॉलिश होऊन. मऊ पडलेल्या साडीत जीव आणायला तिला रुळांवर ताणून हलका गोंद किंवा स्टार्च देतात आणि गरम दाबाने सुकवतात. नेसायला ती छान उभी राहते, दुकानातून आत्ता आणल्यासारखी. पाण्यात विरघळणारा ताजा, एकसारखा थर तिच्या अंगावर चढलेला असतो, आणि पुढच्या लग्नाच्या हॉलच्या दाराशी कुणीतरी गुलाबदाणी भरत असतं.